भाव आधी, टॉवेल नंतर

सोलापुरातल्या टॉवेल कारखानदाराची जुनी सवय अशी की आधी खर्च काढायचा. सुताचा दर, डाईंग, मागावरची मजुरी, शिलाई, पॅकिंग, वीज, भाडं यांची बेरीज करून त्यावर नफा चढवायचा आणि भाव सांगायचा. सूत महागलं की भावही वर जायचा. आता मोठे खरेदीदार, विशेषतः हॉटेलांना माल पुरवणारे, भाव स्वतःच सांगतात. ‘१९० रुपयांत बसवता येतो का बघा,’ एवढाच प्रश्न असतो. हा प्रश्न नवा नाही. जपानी मोटारउद्योगाने त्याचं उत्तर शोधण्याची एक रीतसर पद्धत साठच्या दशकात घडवली. तिला आज टार्गेट कॉस्टिंग म्हणतात.

भाव आधी ठरवायची कल्पना त्याहूनही जुनी आहे. हेन्री फोर्डने मॉडेल टीच्या काळातच भाव खाली आणून मग त्या भावात गाडी बनवायला कारखान्याला भाग पाडायचं धोरण धरलं होतं. पण ते एका हट्टी मालकाचं धोरण होतं. खर्चातली तूट कुठून भरायची, हे शोधण्याची पद्धत त्यात नव्हती.

तो भाग १९४७ च्या सुमारास जनरल इलेक्ट्रिकमध्ये आला. युद्धकाळात हव्या त्या धातूचा, हव्या त्या सुट्या भागाचा तुटवडा असायचा आणि पर्याय शोधावे लागायचे. बरेच पर्याय स्वस्त आणि तितकेच चांगले निघाले. तिथल्या लॉरेन्स माइल्सने यातूनच व्हॅल्यू अॅनालिसिस उभं केलं. ‘हा भाग स्वस्त कसा करू?’ याऐवजी तो विचारायचा, ‘हा भाग काम काय करतो, आणि तेच काम आणखी कशाने होईल?’

जपानमध्ये १९५५ मध्ये तिथल्या व्यापार-उद्योग मंत्रालयाची ‘जनतेच्या मोटारी’ची कल्पना बाहेर आली. चार माणसांची, ताशी १०० किलोमीटर वेगाची आणि अडीच लाख येनची गाडी त्यात अपेक्षित होती. त्या भावात ती कुणालाच जमली नाही. पण भावापासून सुरुवात करून गाडी आखायची हा विचार टोयोटात रुजला. १९६१ मध्ये टोयोटाची पब्लिका बाजारात आली. हवेने थंड होणारं दोन सिलिंडरचं छोटं इंजिन आणि किंमत ३ लाख ८९ हजार येन.

पुढे माइल्सची पद्धत व्हॅल्यू इंजिनिअरिंग या नावाने टोयोटात आली आणि खर्चाच्या कामाची तीन भागांत आखणी झाली. चालू खर्च ठरल्या पातळीवर राखायचा, चालू मॉडेलचा खर्च सतत कमी करत राहायचा, आणि नव्या मॉडेलचा खर्च कागदावरच ठरवायचा. हा तिसरा भाग म्हणजे ‘गेन्का किकाकु’, तेच टार्गेट कॉस्टिंग. गाडीच्या संभाव्य विक्रीभावातून हवा तो नफा वजा करायचा. उरेल तो खर्च मंजूर. तो इंजिन, बॉडी, चेसिस अशा विभागांना वाटून द्यायचा. टोयोटा यात संपूर्ण गाडीचा खर्च शून्यातून मांडत नसे. जुन्या मॉडेलपेक्षा नव्यात काय बदललं तेवढ्याच फरकाचा हिशेब व्हायचा, त्यामुळे चूक कुठे झाली ते लगेच दिसायचं.

मात्र पब्लिका अपेक्षेइतकी खपली नाही. ती स्वस्त होतीच, पण फार साधी होती. रेडिओ नाही, हीटर नाही. १९६३ मध्ये डिलक्स आवृत्ती आल्यावर मागणी सुधारली. पब्लिकाचे मुख्य अभियंता तात्सुओ हासेगावा यांनी हा धडा घेतला आणि पुढच्या, १९६६ च्या कोरोलात गिऱ्हाइकाला भरीव वाटेल असं काहीतरी जादा ठेवलं. आपल्याकडे नॅनोच्या बाबतीत तोच प्रश्न चाळीसेक वर्षांनी पुन्हा समोर आला, असं मला वाटतं. १९७३ च्या तेलसंकटानंतर ही पद्धत जपानच्या इतर उद्योगांत पसरली. पाश्चात्त्य हिशेबतज्ज्ञांचं तिच्याकडे लक्ष गेलं ते ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात.

आता तो १९० रुपयांचा टॉवेल घेऊ. आकडे हिशेबाच्या सोयीसाठी धरलेले आहेत, दर रोज बदलतात. टॉवेल ७० बाय १४० सेंटिमीटर, ४५० जीएसएम, म्हणजे चौरस मीटरला ४५० ग्रॅम. तयार वजन साधारण ४४१ ग्रॅम. धुलाई-ब्लीचिंगमधली घट धरून सूत ४८० ग्रॅम लागतं. २४० रुपये किलोने सूत ११५ रुपये, ९० रुपये किलोने प्रोसेसिंग ४३, विणाईची मजुरी १४, शिलाई-पॅकिंग १०, वरखर्च ८. बेरीज १९०, म्हणजे नफा शून्य. दहा टक्के नफा, म्हणजे १९ रुपये, हवा असेल तर खर्च १७१ मध्ये बसला पाहिजे.

इथे सगळ्यात आधी हात जातो मजुरीवर. पण ती दहा टक्के कापली तरी १ रुपया ४० पैसेच सुटतात, आणि कारागीर दुसऱ्या मागावर जातो. सूत आणि प्रोसेसिंग मिळून १५८ रुपये होतात. पैसा तिथे आहे.

म्हणून माइल्सचा प्रश्न विचारायचा. हॉटेलच्या टॉवेलने पाणी शोषावं, रोजच्या धुलाईत टिकावं आणि लवकर वाळावं. ४५० ऐवजी ४२० जीएसएम केलं तर सूत ३२ ग्रॅमने कमी लागतं आणि प्रोसेसिंगसकट साडेदहा रुपये वाचतात. ही घट कुठून आणायची, ते मात्र महत्त्वाचं. आडव्या धाग्यांची संख्या, म्हणजे पिक, कमी केली तर लूप सैल बसतात आणि काही धुलायांतच ओढले जाऊन सुटतात. पिक तेच ठेवून लूपची उंची थोडी कमी केली तर पकड टिकते. नमुना विणून वारंवार धुवावा, एखादा लूप सुईने ओढून बघावा. चटकन निघाला तर वजन चुकीच्या ठिकाणी कापलं गेलं आहे.

मग रंग. गडद छटेला रंग जास्त, धुलाईही लांबते. हॉटेलला पांढरे आणि फिके रंग चालत असतील, तर प्रोसेसिंग ९० वरून ७८ रुपये किलोवर येतं आणि टॉवेलमागे ५ रुपये ४० पैसे सुटतात. किरकोळ विक्रीसाठी घातलेली छापील पट्टी आणि वेगळी पिशवी हॉटेलात गेल्या गेल्या फेकली जाते. ती काढून आणखी ३ रुपये. एकूण १८ रुपये ९० पैसे, जेमतेम जमलं. मात्र हे सगळं नमुना मंजूर होण्याआधी, खरेदीदाराशी बोलून झालं तरच. बीम भरून माग सुरू झाल्यावर यातलं वजन बदलता येत नाही, आणि तेव्हा कापायला पुन्हा मजुरीच उरते.

जपानी मोटारउद्योगात या पद्धतीची एक काळी बाजू नोंदवली गेली आहे. लक्ष्य गाठण्याचा दाब पुरवठादारावर आणि डिझाइन करणाऱ्या अभियंत्यावर येऊन बसतो आणि माणसं थकतात. सोलापुरात ही जागा प्रोसेसिंगवाल्याची आणि मागवाल्याची आहे. त्यांचा दर नुसता दाबून, किंवा त्यांचे पैसे दोन महिने अडकवून गाठलेला १७१ चा आकडा कागदावर टार्गेट कॉस्टिंगसारखाच दिसतो. फरक ओळखायचा तर एकच तपासावं, टॉवेलच्या बनावटीत काही बदललं का.

आणखी एक मर्यादा आहे. टोयोटा वर्षानुवर्षं चालणारं मॉडेल आखते, आपली ऑर्डर काही आठवड्यांची असते. भाव पक्का झाल्यावर सूत किलोमागे २० रुपयांनी चढलं तर या टॉवेलमध्ये ९ रुपये जातात, म्हणजे जवळपास अर्धा नफा. तेव्हा ऑर्डर घेतली त्याच दिवशी सुताचा सौदा करावा, नाहीतर खरेदीदाराकडून सुताच्या दराशी जोडलेला भाव लिहून घ्यावा.