बिलिंगमध्ये हात घालण्याआधी: सायपॉकचं एक पान

‘आमची बिलं अडकतात, नवीन सॉफ्टवेअर सुचवा,’ असं म्हणत ग्राहक आमच्याकडे येतात. सॉफ्टवेअरचं आम्ही नंतर बघतो. आधी बिलिंग नेमकं कुठे सुरू होतं आणि कुठे संपतं, हे एका पानावर लिहून घेतो. त्या पानाला सायपॉक म्हणतात. त्यात पाच रकाने असतात: सप्लायर, इनपुट, प्रोसेस, आउटपुट, कस्टमर.

रकाने डावीकडून भरायचे नाहीत, मधल्या प्रोसेसपासून सुरुवात करायची. एका मशीनिंग वर्कशॉपचं उदाहरण घेऊ. डिस्पॅच स्लिप बिलिंगच्या टेबलावर येते, पीओशी दर आणि नग ताडून पाहतात, बिल बनतं, ते गाडीबरोबर जातं आणि ग्राहकाच्या अकाउंट्समध्ये त्याला इनवर्ड नंबर पडतो. एवढ्या पाचच पायऱ्या. यादी सातच्या पुढे गेली, की आपण तपशिलात घुसलो असं समजावं.

खरा वाद शेवटच्या पायरीवर होतो. मालक म्हणाले, ‘बिल छापलं की आमचं काम संपलं.’ पण शेवट तिथे धरला, तर दर जुळत नाही म्हणून परत येणारी बिलं हद्दीबाहेर जातात आणि ज्या दुखण्यासाठी बसलो तेच कागदावर दिसत नाही. म्हणून शेवट इनवर्ड नंबरवर ठेवला. वसुली मात्र बाहेर ठेवली, तो वेगळा विषय आहे.

मग आउटपुट आणि कस्टमर. बिलाचा कस्टमर म्हणजे फक्त ‘पार्टी’ नव्हे. त्यांच्या स्टोअरला नग बघायचे असतात, अकाउंट्सला पीओ नंबर आणि जीएसटीआयएन बिनचूक हवा असतो. तुमचे सीएसुद्धा कस्टमरच, कारण मासिक जीएसटीआर-१ पुढच्या महिन्याच्या ११ तारखेपर्यंत भरायचं असतं.

शेवटी इनपुट आणि सप्लायर. डिस्पॅच स्लिप डिस्पॅचकडून येते, एचएसएन कोड मास्टरमधून. ‘चालू दर’ कुठून येतो, असं विचारल्यावर सगळे एकमेकांकडे बघायला लागले. ग्राहकाने पाठवलेली पीओ अमेंडमेंट मार्केटिंगच्या मेलवर पडून राहत होती. बिलिंगची मुलगी बिचारी जुन्याच दराने बिल करत होती आणि बोल तिलाच लागत होता. शिवाय इथे ग्राहक हा सप्लायरही निघाला!

रकाना रिकामा सापडला म्हणजे कारण सिद्ध झालं, असं मात्र नाही. सायपॉक वेळ मोजत नाही आणि चुकाही मोजत नाही. म्हणून नंतर तीन महिन्यांची परत आलेली बिलं काढून कारणवार मोजावी लागतात.

पहिल्या बैठकीला दोन तास ठेवा. परत आलेली दोन-तीन बिलं त्यांच्यावरच्या शेऱ्यांसकट आणा. डिस्पॅचचा माणूस हवाच. नुसते मालक आणि अकाउंटंट बसले, तर सप्लायरचा रकाना अंदाजाने भरला जातो.