इथीनच्या आकृतीतला दुहेरी बंध

"कार्बन नेहमी चार बंध करतो, म्हणून त्याचं संकरण कायम sp³, दुहेरी बंध म्हणजे तोच बंध दोनदा."

या समजुतीतली चार बंध ही गोष्ट खरी आहे, पण संकरण, म्हणजे ऑर्बिटल मिसळून नवी ऑर्बिटल तयार होणं, ठरतं ते सिग्मा बंधांच्या, म्हणजे समोरासमोर आच्छादून झालेल्या बंधांच्या, संख्येवरून. मिथेनमध्ये चार सिग्मा बंध असतात, म्हणून एक s आणि तिन्ही p ऑर्बिटल मिसळून चार sp³ तयार होतात. कोन 109.5 अंश.

इथीनमध्ये प्रत्येक कार्बनला सिग्मा बंध तीनच: दोन हायड्रोजनशी, एक शेजारच्या कार्बनशी. त्यामुळे s आणि फक्त दोन p मिसळतात. तीन sp² एकाच प्रतलात, साधारण 120 अंशांवर पसरतात. न मिसळलेला p त्या प्रतलाला काटकोनात उभा राहतो. दोन कार्बनचे sp² समोरासमोर भिडतात, तो सिग्मा बंध; उभे p बाजूने आच्छादतात, तो पाय बंध. आकृतीत प्रतलाच्या वर आणि खाली असे दोन ढग दिसतात, आणि इथेच हमखास घोटाळा होतो: ते दोन बंध नव्हेत, दोन्ही मिळून एकच पाय बंध.

इथाइनमध्ये प्रत्येक कार्बनला सिग्मा बंध दोनच, म्हणून दोन sp, 180 अंशांवर. उरलेल्या दोन p मुळे एकमेकांना काटकोनात दोन पाय बंध.

पडताळा सोपा आहे. एकेरी कार्बन-कार्बन बंधाची ऊर्जा मोलमागे सुमारे 347 किलोजूल. दुहेरी बंध म्हणजे तोच दोनदा असता, तर 694 हवी होती. प्रत्यक्षात ती सुमारे 611 भरते, कारण बाजूचं आच्छादन समोरासमोरच्या आच्छादनापेक्षा कमी पडतं.