रेपो दरापासून उत्पादनापर्यंत: उत्तरपत्रिकेतले तीन बाण

कोल्हापुरात पदवीच्या मुलांना अर्थशास्त्र शिकवताना रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दराने कर्ज देते तो रेपो दर घटला की काय होतं, याचं हे उत्तर मला दरवर्षी वाचायला मिळतं: 'रेपो दर घटतो → कर्ज स्वस्त होतं → गुंतवणूक वाढते → उत्पादन वाढतं.' यात चूक काहीच नाही. तरी मी पूर्ण गुण देत नाही, कारण बाण काढलेत, पण कोणता बाण कुठे अडतो हे लिहिलेलं नाही.

शिरोली एमआयडीसीतला एखादा फाउंड्रीवाला डोळ्यांसमोर आणा. त्याला 1 कोटीचं सीएनसी मशीन घ्यायचंय आणि समजा, बँकेचा दर रेपो अधिक साडेतीन टक्के आहे. 2025च्या सुरुवातीला रेपो दर 6.50 टक्के होता, म्हणजे कर्ज 10 टक्क्यांनी. जूनपर्यंत तीन कपातींत रेपो 5.50वर आला, कर्ज 9 टक्क्यांवर. पहिल्या वर्षाचं व्याज साधारण 10 लाखांवरून 9 लाखांवर आलं.

पण हा बाण इतका सरळ सुटतो तो कर्ज रेपोला जोडलेलं असेल तरच. ऑक्टोबर 2019पासून व्यापारी बँकांना सूक्ष्म आणि लघुउद्योगांची नवी बदलत्या दराची कर्जं रेपोसारख्या बाहेरच्या दराला जोडावी लागतात आणि तीन महिन्यांतून किमान एकदा दर नव्याने लावावा लागतो. सहकारी बँकांना हे बंधन नाही. आपल्याकडे कितीतरी कारखानदारांची खाती सहकारी बँकांत आहेत, म्हणून हा मुद्दा मला फार महत्त्वाचा वाटतो. अशा बँकेने ठेवीदाराला तीन वर्षांसाठी साडेसात टक्के कबूल केलेले असतात. रेपो उतरला म्हणून ते व्याज उतरत नाही. जुन्या ठेवींची मुदत संपत जाईल तसा तिचा खर्च घटतो आणि कर्जाचा दर मागाहून, रेंगाळत खाली येतो.

आता दुसरा बाण. सगळा खर्च आणि घसारा वजा जाता मशीन वर्षाला साडेनऊ लाख मिळवून देईल, असा मालकाचा अंदाज आहे. 10 टक्क्यांना पन्नास हजारांचा तोटा, 9 टक्क्यांना तेवढाच फायदा. कपातीने निर्णय फिरला! मात्र ट्रॅक्टरच्या सुट्या भागांच्या ऑर्डरी घटून तोच अंदाज सात लाखांवर आला, तर 9 टक्क्यांनाही तो मशीन घेणार नाही. परीक्षेच्या भाषेत, व्याजदर घटला की आपण गुंतवणुकीच्या वक्रावर खाली सरकतो, पण अपेक्षा ढासळल्या की वक्रच डावीकडे सरकतो. आकृतीत हे दोन्ही दाखवा.

तिसऱ्या बाणाला मुलं गुणकाचं, म्हणजे गुंतवणुकीतल्या वाढीच्या किती पट उत्पन्न वाढतं त्याचं, सूत्र लिहितात. सीमांत उपभोग प्रवृत्ती 0.6 असेल, म्हणजे मिळकतीतल्या प्रत्येक वाढीव रुपयातले 60 पैसे खर्च होत असतील, तर गुणक 1/(1−0.6), म्हणजे अडीच. मशीन देशात बनलेलं असेल तर त्या 1 कोटीतून इथल्या कामगारांना पगार मिळतो, त्यातून पुढची खरेदी होते आणि साखळी चालू राहते. तेच मशीन परदेशातून आलं तर राष्ट्रीय उत्पन्नाच्या हिशेबात 1 कोटी गुंतवणूक म्हणून मिळवले जातात आणि आयात म्हणून तेवढेच वजा होतात. मग पहिल्या फेरीत गुणकाने गुणायला जवळजवळ काहीच उरत नाही.