स्क्रीन रेकॉर्डिंग : डाउनलोडची सोय नसताना

स्क्रीन रेकॉर्डिंग म्हणजे पडद्यावर दिसणारे चित्र आणि स्पीकरकडे जाणारा आवाज चालू असतानाच नव्या व्हिडिओ फाइलमध्ये साठवणे. मूळ फाइल मिळण्याचा रस्ता नसेल तेव्हाच हा मार्ग धरावा. अँड्रॉइडवर २०१४ च्या पाचव्या आवृत्तीपासून वेगळी ॲप हे काम करू लागली आणि २०२० च्या अकराव्या आवृत्तीत रेकॉर्डर फोनमध्येच आला. आयफोनमध्ये तो २०१७ पासून आहे. विंडोज, मॅक आणि लिनक्स या तिन्हींवर चालणारे ओबीएस स्टुडिओ हे मोफत साधन या कामासाठी खूप वापरले जाते.

या पद्धतीची खरी कसोटी ऑनलाइन संगीतवर्गात लागते. पुण्यातली गुरू झूमवर शिकवते आणि शिष्या न्यू जर्सीत किंवा नाशिकला बसून शिकते. इथे डाउनलोड करायला फाइलच नसते, कारण वर्ग संपला की तो संपतो. शिवाय बंदिशीतला कणस्वर किंवा मींड दहा वेळा ऐकल्याशिवाय गळ्यात उतरत नाही, त्यामुळे रेकॉर्डिंगची गरज खरी असते. पुढचे विवेचन याच उदाहरणावर बेतले आहे.

स्क्रीन रेकॉर्डिंगआधी दोन गोष्टी तपासाव्यात. संगणकावर झूमचे स्वतःचे रेकॉर्डिंग मोफत खात्यावरही चालते आणि बैठक चालवणारी व्यक्ती एखाद्या सहभागी व्यक्तीला त्याची परवानगी देऊ शकते. ही सोय मिळाली तर तीच घ्यावी. त्यात पडद्यावरच्या इतर खिडक्या आणि सूचना येत नाहीत आणि रेकॉर्डिंग चालू असल्याचे सर्वांना दिसते. दुसरे म्हणजे गुरूने स्वतःजवळ फोनवर किंवा साध्या रेकॉर्डरवर आवाज मुद्रित करून पाठवणे. आवाजाच्या दर्जाचा विचार केला तर याला तोड नाही, कारण तो आवाज इंटरनेटच्या वाटेने आलेलाच नसतो.

जे पोचते तेच साठते

रेकॉर्डर मूळ आवाजापर्यंत पोचत नाही, आपल्या यंत्रात उतरलेल्या आवाजापर्यंतच पोचतो. झूम बोलणे स्पष्ट ऐकू यावे म्हणून पार्श्वभूमीचा सततचा आवाज दाबते. पंख्याची घरघर दाबणारी ही यंत्रणा तानपुऱ्यालाही गोंगाट समजते. मग तानपुरा मधूनच लुप्त होतो, लांब धरलेला षड्ज हळूहळू विरतो आणि गाणे थांबताच सगळे एकदम शांत होते. हा दोष शिष्येच्या रेकॉर्डिंगचा नसतो आणि तिच्या बाजूने तो दुरुस्तही होत नाही. गुरूच्या यंत्रावर झूमच्या ध्वनी सेटिंगमध्ये `Original sound for musicians` हा पर्याय चालू करावा लागतो आणि वर्ग सुरू झाल्यावर वरच्या कोपऱ्यातले त्याचे बटण चालू आहे ना, हे पाहावे लागते. रेकॉर्डिंगचा दर्जा सुधारणारी ही सर्वांत मोठी गोष्ट आहे आणि ती रेकॉर्ड करणाऱ्याच्या हातात नाही.

याच कारणामुळे रेकॉर्डरमधले आकडे वाढवून फारसे काही हाती लागत नाही. ओबीएसमध्ये आवाजाचा बिटरेट, म्हणजे दर सेकंदाला साठवल्या जाणाऱ्या माहितीचे प्रमाण, १६० वरून ३२० किलोबिट केला, तरी झूमने वाटेत गाळलेला भाग परत येत नाही. चित्राचेही तसेच. गुरूकडून ३६० ओळींचे चित्र येत असेल, तर १०८० ओळींत रेकॉर्ड करून फक्त फाइल फुगते.

चाळीस मिनिटांच्या वर्गाचा हिशेब पाहू. झूमच्या मोफत खात्यावर एवढीच वेळ मिळते. ओबीएसमध्ये चित्र १२८० × ७२०, सेकंदाला ३० फ्रेम, चित्राचा बिटरेट २५०० आणि आवाजाचा १६० किलोबिट ठेवला, तर २४०० सेकंदांची फाइल साधारण ८०० एमबी होते. त्यातला आवाज जेमतेम ४८ एमबी असतो. म्हणजे रियाजाला लागणारा भाग फाइलच्या सोळाव्या हिश्शात मावतो. हार्मोनियमवरची बोटे किंवा तबल्यावरचा हात पाहायचा नसेल, तर वर्गानंतर फक्त आवाज वेगळा काढून ठेवणे शहाणपणाचे. ओबीएसच्या फाइलमधला आवाज एफएफएमपेग या लेखी आज्ञांवर चालणाऱ्या मोफत साधनाने पुन्हा न दाबता असा काढता येतो:

```
ffmpeg -i varg.mkv -vn -c:a copy varg.m4a
```

`-c:a copy` महत्त्वाचे आहे. ते नसेल तर आवाज आणखी एकदा दाबला जातो आणि प्रत्येक वेळी थोडा बारकावा गळतो.

फाइल mkv प्रकारात ठेवण्यालाही कारण आहे. साध्या mp4 फाइलची अनुक्रमणिका रेकॉर्डिंग थांबवल्यावर शेवटी लिहिली जाते. वर्ग चालू असताना वीज गेली किंवा लॅपटॉप अडकला, तर अशी mp4 उघडतच नाही. mkv तुटली तरी तोवरचा भाग शाबूत राहतो आणि नंतर ओबीएसच्याच `Remux Recordings` मधून तिची mp4 करता येते.

फाइल मुकी का निघते

चित्र आले पण गुरूचा आवाज आला नाही, ही सर्वांत जास्त ऐकू येणारी तक्रार. संगणकावर याचे नेहमीचे कारण असे: ओबीएस विंडोजच्या मुख्य स्पीकरचा आवाज पकडते, पण झूममध्ये स्पीकर म्हणून हेडफोन वेगळा निवडलेला असतो. शिष्येला सगळे नीट ऐकू येते, म्हणून शंकाही येत नाही. यावर खात्रीचा उपाय म्हणजे सुरुवातीच्या नमस्काराच्या वेळीच ओबीएसच्या मिक्सरकडे पाहणे. गुरू बोलत असताना `Desktop Audio` ची पट्टी हलली पाहिजे आणि आपण बोलताना `Mic/Aux` ची. पहिली पट्टी स्थिर असेल तर दोन्हीकडे एकच स्पीकर निवडावा. मॅकबरोबर आलेला जुना रेकॉर्डर पडद्याबरोबर मायक्रोफोनचाच आवाज घेतो, यंत्रातला आवाज घेत नाही, म्हणून तिथेही ओबीएसच वापरावे.

ब्लूटूथ हेडफोनची अडचण वेगळी. त्याचा मायक्रोफोन वापरात आला की विंडोजवर अनेक हेडफोन फोनकॉलच्या पद्धतीत जातात आणि आवाज एकेरी, बोदा होतो. ओबीएस तोच बोदा आवाज साठवते. तारेचा साधा हेडफोन इथे महागड्या ब्लूटूथपेक्षा उजवा ठरतो. हेडफोनच न लावता स्पीकरवर वर्ग केला, तर गुरूचा आवाज मायक्रोफोनमधून दुसऱ्यांदा येतो आणि प्रत्येक स्वराला शेपूट लागते.

फोनवरची अडचण सेटिंगने सुटणारी नाही. झूमच्या फोन ॲपमध्ये फाइल फोनवर साठवण्याची सोय नाही, म्हणून लोक फोनच्या रेकॉर्डरकडे वळतात. अँड्रॉइडच्या २०१९ च्या दहाव्या आवृत्तीपासून रेकॉर्डरला दुसऱ्या ॲपचा आवाज घेता येतो, पण गाणी, व्हिडिओ, खेळ अशा प्रकारचाच. संभाषण म्हणून नोंदलेला आवाज त्याला दिला जात नाही. झूमचा आवाज संभाषणात मोडतो, त्यामुळे बहुतेक फोनांवर चित्र येते आणि गुरूचा आवाज येत नाही. मायक्रोफोनचा पर्याय निवडला तरी तो आधीच झूमने धरलेला असतो, म्हणून अनेकदा तिथेही शांतताच हाती येते. हा बिघाड नाही, कोणाचा कॉल त्याच्या नकळत टिपला जाऊ नये म्हणून मुद्दाम घातलेली मर्यादा आहे आणि ती योग्यच आहे. फोनशिवाय पर्याय नसेल तर दुसरा फोन जवळ ठेवून त्याच्यावर फक्त आवाज मुद्रित करावा.

काळा पडदा

वर्गाऐवजी एखाद्या चित्रपटांच्या ॲपवरची मैफल रेकॉर्ड करायला गेले, तर बहुधा व्हिडिओच्या जागी काळा चौकोन मिळतो. अशा सेवांचा व्हिडिओ कुलूपबंद येतो आणि पडदा वाचणाऱ्या प्रोग्रॅमला तो दिसणारच नाही अशा वाटेने थेट पडद्यावर जातो. मात्र प्रत्येक काळी फाइल कुलपामुळे काळी नसते. बटणे, शीर्षके आणि माउसचा बाण दिसतो पण फक्त व्हिडिओची चौकट काळी आहे, तर ते कुलूप. सगळाच पडदा काळा असेल, तर दोन ग्राफिक्स चिप असलेल्या लॅपटॉपवर ओबीएस चुकीच्या चिपवर चालत असण्याची शक्यता जास्त. पहिल्या बाबतीत थांबावे. प्रताधिकार कायद्यात २०१२ साली आलेल्या कलम ६५अ नुसार, हक्कभंगाच्या हेतूने असे तांत्रिक कुलूप फोडणे हा दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड होऊ शकणारा गुन्हा आहे.

परवानगी

बंदिश दोनशे वर्षांची असली तरी ती आज गाणारीचे हक्क आजचे आहेत. भारताच्या १९५७ च्या प्रताधिकार कायद्यात ‘प्रयोगकर्ता’ या व्याख्येत गायक, वादक, नर्तक यांच्याबरोबर व्याख्यान देणारी व्यक्तीही येते. आपल्या प्रयोगाचे ध्वनिमुद्रण किंवा चित्रमुद्रण करण्याचा हक्क कलम ३८अ तिला देते. कलम ३९ यातून सूट देते: स्वतःच्या खासगी वापरासाठी किंवा केवळ खऱ्याखुऱ्या अध्यापन-संशोधनासाठी केलेले मुद्रण हा या हक्काचा भंग ठरत नाही. शिष्येचा रियाज या सुटीत बसतो. तीच फाइल व्हॉट्सॲप ग्रुपवर किंवा यूट्यूबवर टाकली की सूट संपते. शिष्या परदेशात असेल तर तिथला कायदाही लागू होतो आणि अमेरिकेतल्या काही राज्यांत संभाषण मुद्रित करायला सर्वांची संमती लागते.

कायद्याने चालते म्हणून न विचारता रेकॉर्ड करावे, असे मात्र नाही. बाहेरच्या रेकॉर्डरची सूचना झूम कोणालाही दाखवत नाही, त्यामुळे सांगण्याची जबाबदारी पूर्णपणे रेकॉर्ड करणाऱ्यावर येते. शिकवताना गुरू चुकीचे गाऊनही दाखवते, मधेच थांबते, खोकते, घराण्यातले एखादे खास अंग फक्त समोरच्या शिष्येसाठी उलगडते. ते जगापुढे जावे की नाही, हे तिनेच ठरवायचे. वर्गाआधी साधा निरोप पुरतो: ‘ताई, आजचा वर्ग फक्त माझ्या रियाजासाठी रेकॉर्ड करू का? कोणाला पाठवणार नाही.’ ‘कर, पण बंदिश पक्की झाली की पुसून टाक,’ असे उत्तर आले तर ती अटही परवानगीचाच भाग असते. वर्गात आणखी शिष्य असतील तर त्यांनाही विचारावे लागते. कोणी नको म्हटले तर ओबीएसमध्ये पूर्ण पडद्याऐवजी गुरूच्या चौकटीपुरताच भाग कापून घेता येतो. पण त्या शिष्याचा आवाज गुरूच्या आवाजातच मिसळून येतो आणि तो ओबीएसला वेगळा करता येत नाही. अशा वेळी त्याची पाळी आली की रेकॉर्डिंग थांबवावे आणि आपली पाळी आली की पुन्हा सुरू करावे.