दहाचं वर्गमूळ: दहा दिवसांच्या व्हारमागची गोष्ट

शेअर्सच्या पोर्टफोलिओचा दहा दिवसांचा व्हॅल्यू ॲट रिस्क, म्हणजे बोलीभाषेत व्हार, काढायला सांगितला की बहुतेक जण एका दिवसाचा आकडा काढतात, त्याला ३.१६ ने गुणतात आणि मोकळे होतात. व्हार म्हणजे ठरलेल्या मुदतीतला तोट्याचा असा आकडा, ज्याहून जास्त तोटा व्हायची शक्यता अगदी थोडी, समजा १ टक्का, असते. ३.१६ म्हणजे दहाचं वर्गमूळ. हा गुणाकार इतका अंगवळणी पडलाय की तो कोणत्या अटीवर चालतो, हे विचारायचं राहूनच जातं.

त्याची सुरुवात पॅरिसच्या शेअर बाजारात झाली. तिथे दलालाकडे काम करणाऱ्या ज्यूल रेन्यो यांनी १८६३ मध्ये लिहून ठेवलं की भाव मूळ जागेपासून किती लांब जातो, ते काळाच्या वर्गमूळाच्या प्रमाणात वाढतं. चौपट काळ गेला तर भाव साधारण दुप्पट लांब सरकतो. १९०० मध्ये लुई बाशेलिए यांनी आपल्या प्रबंधात हीच गोष्ट संभाव्यतेच्या गणितात बसवली. तर्क साधा आहे. रोजची हालचाल कालच्या हालचालीवर अवलंबून नसेल आणि बाजाराचा चंचलपणा रोज सारखाच असेल, तर दहा दिवसांत प्रमाण विचलनाच्या वर्गांची बेरीज होते. वर्ग दहापट झाला की खुद्द विचलन √१० पट होतं. या दोन अटी पुढे महागात पडणार होत्या.

१९५२ मध्ये हॅरी मार्कोविट्झ यांनी दुसरा अर्धा भाग पुरवला. पोर्टफोलिओची जोखीम ही सुट्या शेअर्सच्या जोखमीची बेरीज नसते, त्यांचे भाव एकमेकांबरोबर किती हलतात यावर ती ठरते. आज ज्याला पॅरामेट्रिक पद्धत म्हणतात, ती या दोन जुन्या कल्पनांवर नॉर्मल वितरण, म्हणजे घंटेच्या आकाराचा आलेख, ठेवून झालेली आहे.

व्हारला रोजच्या कामाचं स्वरूप आलं ते जे. पी. मॉर्गन बँकेत. अध्यक्ष डेनिस वेदरस्टोन यांना रोज दुपारी सव्वाचारला, बाजार बंद झाल्यावर, बँकेची सगळी जोखीम एका पानावर हवी असायची. त्या पानामागची पद्धत बँकेने ऑक्टोबर १९९४ मध्ये ‘रिस्कमेट्रिक्स’ या नावाने सगळ्यांसाठी मोफत खुली केली. तिची रोजची मुदत एका दिवसाची होती आणि विश्वासपातळी ९५ टक्के. चंचलपणा मोजताना ताज्या दिवसांना जास्त वजन दिलं जायचं: कालच्या अंदाजाच्या वर्गाला ०.९४ आणि ताज्या परताव्याच्या वर्गाला ०.०६. समजा एखाद्या शेअरचा रोजचा अंदाज १.५ टक्के आहे आणि आज तो ५ टक्के पडला. उद्याचा अंदाज ०.९४ × २.२५ + ०.०६ × २५, म्हणजे ३.६१५ चं वर्गमूळ, १.९ टक्के. एका वाईट दिवसाने आकडा चौथ्या भागाहून जास्त फुगला.

मग दहा दिवस आले कुठून? बँकांसाठी आंतरराष्ट्रीय नियम आखणाऱ्या, बाझलच्या बँकिंग पर्यवेक्षण समितीकडून. जानेवारी १९९६ च्या सुधारणेने बँकांना बाजारातल्या तोट्यासाठी राखून ठेवायचं भांडवल स्वतःच्या मॉडेलने काढायची परवानगी दिली, पण अटी घालून: ९९ टक्के विश्वासपातळी, दहा व्यवहाराचे दिवस, किमान एक वर्षाची माहिती, आणि निघालेल्या सरासरी आकड्याला कमीत कमी ३ ने गुणायचं. दहा दिवस म्हणजे दोन कामाचे आठवडे. अडचणीत सापडलेल्या बँकेला माल विकायला किंवा उलट सौदा करून हेज करायला तेवढा अवधी लागेल असं धरलं गेलं. त्याच नियमात एक पळवाटवजा सवलत होती: छोट्या मुदतीचा व्हार काढून तो काळाच्या वर्गमूळाने वाढवला तरी चालेल. रेन्यो यांचं निरीक्षण असं थेट नियमावलीत जाऊन बसलं.

हिशोब जवळून पाहू. एक कोटीचा पोर्टफोलिओ, चलन कोणतंही धरा. ६० लाख पहिल्या शेअरमध्ये, रोजचं विचलन १.५ टक्के, म्हणजे ९०,०००. ४० लाख दुसऱ्यात, विचलन २ टक्के, म्हणजे ८०,०००. दोघांतला सहसंबंध ०.४. σ हे पोर्टफोलिओचं रोजचं विचलन आणि z हा विश्वासपातळीनुसार नॉर्मल वितरणातून येणारा गुणक. लाखात मांडलं तर:

```
σ   = √(0.9² + 0.8² + 2 × 0.4 × 0.9 × 0.8) = 1.423
VaR = z × σ × √10
95% : 1.645 × 1.423 × 3.162 = 7.40
99% : 2.326 × 1.423 × 3.162 = 10.47
```

म्हणजे दहा दिवसांत १०.४७ लाखांपेक्षा जास्त तोटा व्हायची शक्यता १ टक्का. जास्त म्हणजे किती जास्त, यावर हा आकडा गप्प असतो. सरासरी परतावा यात शून्य धरलाय. रोज ०.०५ टक्के धरला असता तरी दहा दिवसांत ५०,००० चाच फरक पडला असता, आणि तो अंदाज विचलनाच्या अंदाजापेक्षा कितीतरी डळमळीत असतो.

आता पहिली अट मोडून बघू. आजच्या आणि उद्याच्या परताव्यात ०.२ एवढा सहसंबंध आहे आणि तो पुढे दर दिवशी त्याच पटीत विरत जातो असं समजा. कमी व्यवहार होणाऱ्या शेअर्समध्ये असा रेंगाळणारा परिणाम दिसतो, कारण भाव बातमीमागून सावकाश येतो. मग दहा दिवसांचा गुणक ३.१६ राहत नाही, सुमारे ३.७९ होतो आणि व्हार १२.५५ लाखांवर जातो. एका दिवसाच्या आकड्यात काहीच चूक नव्हती. दोन लाखांहून मोठी तूट फक्त गुणाकारातून आली. हे ओळखायचा सोपा उपाय म्हणजे एकमेकांवर न चढणाऱ्या दहा-दहा दिवसांच्या परताव्यांचं विचलन थेट मोजून √१० वाल्या आकड्याशी ताडून पाहणं. अडचण अशी की वर्षाच्या २५० दिवसांत असे तुकडे पंचवीसच मिळतात. समितीने मॉडेलची पडताळणी एका दिवसाच्या व्हारवर ठेवली, त्यामागे हेही होतं आणि दहा दिवसांत पोर्टफोलिओ स्वतःच बदलून जातो हेही. तोटा व्हारच्या पलीकडे गेला की ते एक उल्लंघन. २५० दिवसांत चारपर्यंत उल्लंघनं हिरवी, पाच ते नऊ पिवळी, दहापासून लाल. थोडक्यात, भांडवल दहा दिवसांच्या आकड्यावर आणि परीक्षा एका दिवसाच्या आकड्याची. वर्गमूळाची परीक्षा कधी झालीच नाही.

चंचलपणा मोजण्यातही असाच सांधा निखळलेला होता. ०.९४ वजनाने माहितीचं सरासरी वय जेमतेम १७ दिवस येतं, आणि समितीने वजन वापरणाऱ्यांना हे वय किमान सहा महिन्यांचं सांगितलं. त्यामुळे नियमाचा व्हार संथ राहिला. शांत वर्ष संपून वादळ सुरू झालं तरी आकडा आठवडेच्या आठवडे शांतच.

२००८ च्या पडझडीनंतर २००९ मध्ये समितीने तणावाच्या काळातल्या माहितीवर वेगळा व्हार काढायला लावला, आणि वर्गमूळ वापरायचं तर ते योग्य कसं हे बँकेने वेळोवेळी दाखवावं अशी अट जोडली. जानेवारी २०१६ च्या समितीच्या नियमात व्हारची जागा ९७.५ टक्क्यांच्या एक्स्पेक्टेड शॉर्टफॉलने घेतली, म्हणजे त्या रेषेपलीकडच्या तोट्यांच्या सरासरीने. नॉर्मल वितरणात तिचा गुणक २.३४ येतो, ९९ टक्के व्हारच्या २.३३ ला जवळपास चिकटून. जाड शेपटाच्या, म्हणजे मोठी पडझड नॉर्मल वितरणापेक्षा जास्त वेळा होणाऱ्या बाजारात मात्र दोन्ही आकडे फाकतात.

त्याच नियमात आधारभूत मुदत दहा दिवसांचीच राहिली, फक्त ती छोट्या मुदतीवरून ताणून काढायला मनाई झाली. मोठ्या कंपन्यांच्या शेअर्सना दहा दिवस पुरतात, छोट्या कंपन्यांच्या शेअर्सना वीस लागतात असं ठरलं. आणि दहावरून वीसवर जाण्यासाठी दिलेलं सूत्र वर्गमूळाचंच आहे.