पार्श्वभूमी: 'किमान चालू आर्थिक वर्षात आणि पुढच्याही वर्षात'

घोडबंदर रोडला 2020 च्या दिवाळीत सॅम्पल फ्लॅट बघायला रांगा लागत होत्या. मुद्रांक शुल्क सप्टेंबरपासून 3 टक्क्यांनी उतरलं होतं, रिझर्व्ह बँक ज्या दराने बँकांना कर्ज देते तो रेपो दर 4 टक्क्यांवर होता आणि गृहकर्ज पावणेसात टक्क्यांच्या आसपास मिळत होतं. सेल्स ऑफिसातला मुलगा कॅल्क्युलेटर पुढे सरकवत म्हणायचा, "व्याज आता काही वर्षं असंच राहणार, सर, वरूनच सांगितलंय." त्याने ही गोष्ट हवेतून काढली नव्हती. रिझर्व्ह बँकेच्या 9 ऑक्टोबर 2020 च्या पतधोरणात खरोखरच तसं एक वाक्य होतं.

आपण पुढे काय करणार आहोत, हे मध्यवर्ती बँकेने आधीच सांगून ठेवायचं, त्याला फॉरवर्ड गायडन्स म्हणतात. सांगून उपयोग होतो, कारण मोठ्या मुदतीचे दर आजच्या रेपोवर ठरत नाहीत, पुढच्या रेपोबद्दलच्या अंदाजावर ठरतात. समजा आज दर 4 टक्के आहे आणि पुढच्या वर्षी तो 6 होईल असं बाजाराला वाटतंय. मग दोन वर्षांसाठी पैसे देणारा साधारण 5 टक्के मागेल. "पुढच्या वर्षीही 4 च" हे त्याला पटलं, तर तो 4 च्या आसपास देईल. रेपोला हात न लावता दोन वर्षांचा दर उतरला. म्हणूनच दर शून्याला टेकल्यावर, आणखी कापायला जागा उरत नाही तेव्हा, हे हत्यार बाहेर निघतं. जपानने ते 1999 मध्ये काढलं, 2008 च्या पडझडीनंतर कॅनडा, अमेरिका आणि ब्रिटनने.

या परदेशी प्रयोगांतून आपल्याला लागू पडणारा भाग एवढाच. शब्द दोन तऱ्हेने देता येतो. एक म्हणजे तारीख सांगायची: अमेरिकेने ऑगस्ट 2011 मध्ये 'किमान 2013 च्या मध्यापर्यंत' असं सांगितलं. दुसरी म्हणजे परिस्थिती सांगायची. ब्रिटनने ऑगस्ट 2013 मध्ये बेरोजगारी 7 टक्क्यांपर्यंत उतरेस्तोवर दरवाढीचा विचार नाही असं जाहीर केलं, आणि अपेक्षेपेक्षा फार लवकर, काही महिन्यांतच बेरोजगारी तिथे येऊन ठेपली. तारीख सगळ्यांना कळते, पण बँकेचे हात बांधते. परिस्थितीची अट हात मोकळे ठेवते, पण ती नेमकी कधी पुरी होणार हे कुणालाच सांगता येत नाही.

आपल्याकडे 2018 मध्येच या गोष्टीचा चटका बसला होता. रिझर्व्ह बँकेच्या ऑक्टोबरच्या बैठकीत दर 6.50 टक्क्यांवर कायम ठेवून धोरणाचा पवित्रा 'कॅलिब्रेटेड टायटनिंग' केला गेला. म्हणजे आता दर वाढेल किंवा तिथेच राहील, कपात नाही. नंतर कच्चं तेल कोसळलं, महागाई उतरली आणि चारच महिन्यांनी, फेब्रुवारी 2019 मध्ये, पवित्रा बदलून त्याच दिवशी पाव टक्क्याची कपात झाली.

आता ते ऑक्टोबर 2020 चं वाक्य. 'अकोमोडेटिव्ह', म्हणजे उदार पवित्रा 'गरज असेपर्यंत, किमान चालू आर्थिक वर्षात आणि पुढच्याही आर्थिक वर्षात' चालू राहील, असा त्याचा आशय होता. पुढच्या वर्षात म्हणजे किती? एप्रिल 2021 चा पहिला दिवससुद्धा पुढच्या वर्षातच येतो आणि मार्च 2022 चा शेवटचाही. बाजाराने अर्थातच लांबचा अर्थ घेतला. सहा सदस्यांच्या समितीत दराबद्दल एकमत होतं, पण या शब्दरचनेला एका सदस्याने विरोधी मत दिलं. त्या वेळी महागाई 6 टक्क्यांच्या वरच्या मर्यादेपलीकडे होती आणि ती पुरवठा अडल्याने चढली आहे, ओसरेल, असं गृहीत धरलेलं होतं. माझ्या मते विरोधी मत बरोबर होतं. महागाई मर्यादेबाहेर असताना दीड वर्षाचा शब्द द्यायचा नसतो.

एप्रिल 2021 मध्ये तारीख काढून टाकली गेली आणि 'अर्थव्यवस्थेत टिकाऊ वाढ होईपर्यंत' अशी परिस्थितीची अट आली. हा बदल कागदावर मोठा होता. कर्जदारापर्यंत तो पोचलाच नाही, त्याच्या कानात आधीचंच वाक्य राहिलं.

खरा गुंता 'अकोमोडेटिव्ह' या शब्दात आहे. मराठी बातम्यांत तो 'उदार' होतो, 'लवचीक'ही होतो, पण उदार कशाच्या बाबतीत? दराच्या, की बँकांकडे खेळणाऱ्या रोख पैशाच्या? करोनाकाळात दोन्ही एकत्र होतं, म्हणून कुणी विचारलं नाही. 8 एप्रिल 2022 ला ते वेगळं झालं. निवेदनात पवित्रा अजून उदारच होता, फक्त 'उदारता मागे घेण्यावर लक्ष ठेवून'. रेपो 4 टक्केच. मात्र त्याच दिवशी बँकांनी रिझर्व्ह बँकेकडे जादा पैसे ठेवण्यासाठी एसडीएफ नावाची नवी सुविधा 3.75 टक्क्यांवर सुरू झाली. आधी हाच तळ रिव्हर्स रेपोचा, 3.35 टक्क्यांचा होता. पैसा मुबलक असतो तेव्हा बँकांमधल्या एका रात्रीच्या कर्जाचा दर तळाशी चिकटून असतो, त्यामुळे तळ 0.40 ने वर गेला म्हणजे प्रत्यक्षातली दरवाढ झाली. बातमीच्या मथळ्यात मात्र 'दर जैसे थे'. 4 मे ला ठरलेल्या वेळापत्रकाबाहेर रेपो 4.40 झाला आणि फेब्रुवारी 2023 पर्यंत 6.50.

ऑक्टोबर 2019 पासून बँकांची नवी बदलत्या दराची गृहकर्जं बाहेरच्या दराशी, बहुतेक ठिकाणी रेपोशीच, जोडलेली आहेत आणि तीन महिन्यांत एकदा तरी व्याज नव्याने ठरतं. त्यामुळे रेपोचा अडीच टक्क्यांचा फरक जसाच्या तसा घरात आला. ढोबळ हिशेब बघू. 50 लाख, 20 वर्षं, 6.75 टक्के, हप्ता सुमारे 38,000. दोन वर्षांनी मुद्दल साडेसत्तेचाळीस लाखांच्या आसपास उरलं. आता दर 9.25. फक्त पहिल्या महिन्याचं व्याजच 36,600 होतं. हप्ता तोच ठेवला तर मुद्दलात जेमतेम 1,400 जातात आणि उरलेली 18 वर्षं जवळजवळ 36 होतात. आमच्या मजल्यावरच्या काकूंना असाच एसएमएस आला होता: हप्त्यात बदल नाही, मुदत सुधारित. 'हप्त्यात बदल नाही' वाचून त्यांनी मोबाइल खाली ठेवला. नवी मुदत किती, हे त्यांना स्टेटमेंट मागवल्यावर कळलं. कर्जदाराला हप्ता वाढवायचा की मुदत, हे निवडू द्या आणि मुदत वाढवताना हप्ता व्याजालाही पुरत नाही अशी वेळ आणू नका, असा आदेश निघाला तो ऑगस्ट 2023 मध्ये.

शब्दाचा खुलासा त्याहून उशिरा आला. एप्रिल 2025 मध्ये दर 6 टक्क्यांवर आणून पवित्रा पुन्हा उदार झाला, तेव्हा सांगण्यात आलं की पवित्रा म्हणजे फक्त रेपोची पुढची दिशा, रोखतेशी त्याचा थेट संबंध जोडू नये. हे तीन वर्षांपूर्वी सांगितलं असतं तर एप्रिल 2022 चं निवेदन वेगळं लिहावं लागलं असतं. आणि दोनच महिन्यांनी, जूनमध्ये, एकदम अर्धा टक्का कपात करून पवित्रा परत 'न्यूट्रल', म्हणजे दर कुठल्याही दिशेने जाऊ शकतो असा, झाला. कपात अपेक्षेपेक्षा मोठी होती, तरी त्या महिन्यात दहा वर्षांच्या सरकारी रोख्याचा दर उतरण्याऐवजी चढला, कारण बाजाराने कपातीपेक्षा तो एक शब्द वाचला.