दहा बेदाण्यांचा हिशेब

"पोत्यात ५० टक्के हिरवा, ३० टक्के पिवळा, २० टक्के काळा बेदाणा असेल तर दहा दाण्यांत ५, ३, २ यायलाच हवेत. नाहीतर माल खोटा!"

सांगलीच्या बाजारातला हा समज वरवर पटणारा आहे, पण गणित वेगळं सांगतं. आधी पाच हिरवे, मग तीन पिवळे, मग दोन काळे, याच क्रमाने येण्याची शक्यता ०.५⁵ × ०.३³ × ०.२², म्हणजे लाखात ३.३७५. पण क्रम बदलला तरी चालतो, आणि १०! म्हणजे १० × ९ × ८ असं १ पर्यंत गुणत जाणं, हे धरून असे क्रम १०! ÷ (५! × ३! × २!) = २,५२० होतात. गुणाकार करा: लाखात ८,५०५, म्हणजे साडेआठ टक्के.

इतर कुठल्याही एका वाटणीपेक्षा ही शक्यता जास्तच आहे, तरी शंभरातल्या एक्क्याण्णव वेळा दुसरंच काहीतरी येणार. घरी डब्यात ५, ३, २ मणी ठेवा. न बघता एक काढा, रंग लिहा, परत टाका, डबा हलवा, असं दहादा. हा खेळ पन्नास वेळा केला तर ५-३-२ साधारण चारदा दिसेल. मणी परत टाकायला मात्र विसरू नका, नाहीतर प्रत्येक वेळी ५-३-२ च येईल. पोतं मोठं असल्याने तिथे दहा दाण्यांनी प्रमाण बदलत नाही. फक्त माल नीट मिसळलेला हवा.